कणीक कडक का होते, पाणी कोमट घ्यायचं की गार, आणि ठेवायची किती वेळ

प्रश्न: ताई, कणीक मळताना चांगली मऊ असते पण अर्ध्या तासाने लाटायला घेतली की कडक झालेली असते. लाटताना कडा फाटतात आणि दुपारी डब्यात चपात्या वातड. थंडी सुरू झाल्यापासून जास्तच. पाणी गरम घ्यायचं की गार? आणि कणीक किती वेळ ठेवायची? गहू घरचाच आहे, खानापुरात गिरणीवर दळून आणते.

उत्तर:

बघा, तुमची कणीक कडक "होत" नाहीये, ती पहिल्यापासूनच तहानलेली आहे, फक्त ते कळतं अर्ध्या तासाने. मी शहापूरला बरीच वर्षं मेसच्या आणि ऑर्डरच्या चपात्या करते, आणि घरच्या गव्हाचं दळण आणणाऱ्या बायकांकडून हीच तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळते, त्यामुळे जरा सविस्तरच सांगते.

पिठात पाणी घातलं की ते तीन जण वाटून घेतात. एक म्हणजे ग्लुटेन, गव्हातलं प्रोटीन, ज्याने कणकेला ताण येतो. ते पाणी लवकर घेतं. दुसरा स्टार्च. धड असलेला स्टार्चचा कण गार पाण्यात फारसं पाणी पीत नाही, पण जात्याच्या दगडाखाली जो कण फुटतो ना, तो मात्र कितीतरी जास्त पाणी ओढतो, म्हणून गिरणीच्या पिठाला मैद्यापेक्षा पाणी जास्त लागतं. आणि तिसरा कोंडा. कोंडा हरभऱ्यासारखा आहे, वरून लगेच ओला दिसतो पण आत पाणी जायला वेळ घेतो. तुम्ही मळता तेव्हा कोंड्याच्या वाटणीचं पाणी अजून बाहेरच असतं, मोकळं, म्हणून कणीक हाताला मऊ लागते, थोडी चिकटते पण. मग तुम्ही झाकून ठेवता, कोंडा सावकाश ते मोकळं पाणी ओढून घेतो आणि अर्ध्या तासाने हात लावला की गोळा घट्ट.

पण त्याच अर्ध्या तासात उलट्या दिशेचं पण एक काम चालू असतं. मळून मळून ग्लुटेन ताणलेलं असतं, ते स्वस्थ ठेवलं की सैल पडतं, त्याने कणीक मऊ होते. म्हणजे ठेवलेल्या कणकेत एक गोष्ट तिला मऊ करतेय आणि एक घट्ट करतेय, आणि कोण जिंकणार हे ठरतं तुम्ही सुरुवातीला पाणी किती घातलं त्यावर. पाणी पुरेसं असेल तर कोंडा पिऊन सुद्धा उरतं आणि कणीक मुरल्यावर आणखी लुसलुशीत होते. कमी असेल तर कितीही वेळ ठेवा, ती कडकच होत जाणार. म्हणून "जास्त वेळ मुरव, मऊ होईल" हा सल्ला अर्धाच खरा आहे.

आता तुमच्याकडे पाणी कमी पडतं कुठे? माझ्या अंदाजाने वरच्या कोरड्या पिठात. पाणी घातलं, दोन मिनिटं मळलं, हाताला चिकटतंय असं वाटलं की आपण लगेच मूठभर पीठ भुरभुरतो. ते चिकटणं जास्त पाण्याचं नसतंच, ते फक्त कोंड्याने अजून न घेतलेलं पाणी असतं, दहा मिनिटं गप्प बसलात तर ते आपोआप मुरतं. पण आपल्याला धीर नसतो, सकाळी डबे असतात, आपण पीठ घालतो आणि ते पीठ नंतर आपल्या वाटणीचं पाणी मागतं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं अगदी हेच झालं होतं, त्यांचंच सांगते म्हणजे आकडे कळतील. त्यांचं पीठ म्हणजे थोडा लोकवन आणि थोडा बन्सी असं मिसळून दळलेलं. बन्सी कडक जातीचा गहू, रवा-शेवयाचा, तो दळताना स्टार्च जास्त फुटतो आणि पाणी जास्त मागतो. डिसेंबरची सकाळ, गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला झोंबणारं. त्यांनी ५०० ग्रॅम पिठात साधारण २८० ग्रॅम पाणी घातलं होतं, म्हणजे १०० ला ५६. मग चिकटतंय म्हणून वरून ४० ग्रॅमभर पीठ. झालं काय, पीठ ५४० आणि पाणी तेवढंच, प्रमाण आलं १०० ला ५२ च्या आसपास. असल्या पिठाला सहज ७० लागतं. चपाती लाटली तर कडेला बारीक बारीक चिरा, आणि घडी घातली तर घडीवर पण चीर.

आम्ही त्याच पिठाची परत कणीक भिजवली. ५०० ग्रॅम पीठ, पाव चमचाभर मीठ, आणि ३३० ग्रॅम कोमट पाणी. आधी मळायचंच नाही, नुसतं कालवायचं, परातीत कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. अशी ओबडधोबड गोळा झालेली कणीक ओल्या फडक्याने झाकून १० मिनिटं ठेवली. ह्या १० मिनिटांत जेवढं काम होतं तेवढं हाताने रेटून होत नाही बरं का. मग झाकण काढून बोटाने दाबून बघितलं, अजून घट्टच लागत होतं, म्हणून हात पाण्यात बुडवून बुडवून मळत गेलो, असं आणखी २५ ग्रॅम पाणी आत गेलं. एकूण ३५५, म्हणजे १०० ला ७१. पाच-सहा मिनिटं मळून शेवटी एक चमचा तेल लावलं. तेल शेवटी लावायचं कारण असं की सुरुवातीलाच पिठाला तेल चोळलं तर ते कणांवर बसतं आणि पाणी आत जायला आडकाठी होते, खुसखुशीत पुरीला ते बरं, चपातीला नको. मग ४० मिनिटं झाकून ठेवली. त्या चपात्या दुपारी पण मऊ होत्या, पीठ तेच, गहू तोच.

तुम्ही पण पीठ आणि पाणी एकदा तरी वजनकाट्यावर मोजाच, कारण वाटीचा काही भरवसा नाही, पीठ दाबून भरलेली वाटी आणि चाळून सैल भरलेली वाटी ह्यात चांगलाच फरक पडतो. नुसत्या लोकवनच्या बारीक दळणाला १०० ला ६५ च्या आसपास पुरतं, बन्सी मिसळला की ७० किंवा त्याहून थोडं वर. पावसाळ्यात आपल्याकडे हवा इतकी ओली असते की पीठच ओल धरून बसतं, तेव्हा एक-दोन चमचे पाणी कमी घाला.

आता पाण्याच्या तापमानाचं. गरम पाण्याने कणीक मऊ होते हे सगळे म्हणतात आणि ते खरं आहे, पण का होते ते कळलं की किती गरम घ्यायचं ते पण कळतं. कोमट पाणी कोंड्यात आणि स्टार्चमध्ये लवकर शिरतं, आणि कणीक स्वतः ऊबदार असली की ग्लुटेन पण जरा सैल असतं. म्हणजे कोमट पाणी काही वेगळी जादू करत नाही, जे गार पाण्याने तासाभरात होतं ते अर्ध्या तासात करून देतं. हे बघायचं म्हणून वहिनींच्या त्याच पिठात आम्ही मोजून तेवढंच पाणी घालून एक गोळा टाकीच्या गार पाण्याने भिजवला. वीस मिनिटांनी दोन्ही गोळ्यांत बोट खुपसलं तर कोमट पाण्याच्या गोळ्यातला खड्डा सावकाश अर्धा भरून आला, आणि गार पाण्याचा गोळा रबरासारखा टणकन वर आला. तासाने परत बघितलं तर गार पाण्याचा गोळा जवळपास दुसऱ्यासारखाच झाला होता. तुमचं थंडीत जास्त होतंय त्याचं कारण हेच, पाणी गार, पीठ गार, परात गार, आणि वेळ तेवढाच अर्धा तास.

कोमट म्हणजे किती? ४० ते ४५ डिग्री. थर्मामीटर नसेल तर हिवाळ्यात नळाचं गार पाणी दोन भाग आणि उकळतं पाणी एक भाग असं मिसळा, साधारण ४५ ला येतं. बोट आत ठेवलं तर गरम लागतं पण सहज ठेवून राहता येतं, एवढंच. पीठ आणि परात गार असते त्यामुळे कणीक मळून होईपर्यंत ३३-३५ वर येते, तेवढी पुरे. उन्हाळ्यात असलं काही करू नका, एप्रिलमध्ये दुपारी टाकीचं पाणी मुळातच गरम असतं, त्यात उकळतं मिसळलं तर भलतंच होईल, तेव्हा माठाचं किंवा सकाळी भरून ठेवलेलं साधं पाणी घ्या.

आणि उकळतं पाणी? हे विचारणाऱ्या बायका खूप, कारण आपल्या भागात ज्वारीच्या भाकरीला आधण ठेवून पीठ उकडून घ्यायची सवय आहे. पण ज्वारीत ग्लुटेनच नाही, तिथे पीठ बांधायला स्टार्च शिजवून चिकट करण्याशिवाय इलाज नाही. गव्हाचं तसं नाही. ५०० ग्रॅम पिठात ३५० ग्रॅम उकळतं पाणी ओतलं तर कणीक ७० डिग्रीच्या घरात जाते, आणि गव्हाचा स्टार्च साधारण ५५-६० पासूनच फुगायला लागतो, त्याच्या वर ग्लुटेन पण हळूहळू शिजून त्याचा ताण जातो. अशी कणीक मळायला लोण्यासारखी लागते, त्यामुळे वाटतं जमलं! पण लाटताना ताण नसल्यामुळे फाटते, घडीचे पापुद्रे एकमेकांत चिकटून बसतात, आणि तव्यावर वाफ धरून ठेवायला पडदा नसतो म्हणून टम्म फुगत नाही. चपाती मऊ असते, ते नाकारत नाही, शिजलेला स्टार्च पाणी धरून ठेवतो म्हणून ती संध्याकाळपर्यंत मऊ राहते सुद्धा. पण ती मऊ असते आणि लगद्यासारखी पण असते. प्रवासाला किंवा उशिरा खाल्ल्या जाणाऱ्या डब्याला हवीच असेल तर पिठाचा चौथा हिस्सा बाजूला काढून तेवढ्यालाच उकळतं पाणी लावा, तो गार होऊ द्या, मग बाकीच्या पिठात मिसळून साध्या पाण्याने मळा. असं केलं की बाकीच्या तीन हिश्शांचा ताण शाबूत राहतो. सगळ्या पिठावर उकळतं पाणी मात्र ओतू नका.

किती वेळ ठेवायची हा प्रश्न पाणी आणि तापमान ठरल्यावरच येतो. कोमट पाणी, बारीक लोकवन असेल तर २०-२५ मिनिटं पुरतात. बन्सी मिसळलेलं किंवा जाडसर दळण असेल तर ४० मिनिटं, आणि थंडीत गार पाण्यानेच मळायची सवय असेल तर तासभर ठेवा. झाकताना ओलं फडकं घट्ट पिळून थेट कणकेला लागेल असं ठेवा किंवा डब्यात भरून झाकण लावा, कारण पंख्याखाली उघड्या परातीत कणकेला वरून कातडी धरते, ती आत मळली गेली की चपातीत कोरडे दाणे लागतात आणि आपण म्हणतो कणीक कडक झाली. हे कडक होणं वेगळं, ते पाण्याचं नाही, वाऱ्याचं.

जास्त वेळ ठेवण्यालाही मर्यादा आहे. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात दोन-तीन तास बाहेर ठेवलेली कणीक पिठातल्याच एन्झाइम्समुळे सुटायला लागते, चिकट आणि ढिली होते, आंबूस वास येतो, लाटी धरून उचलली की लोंबते. फ्रीजमध्ये रात्रभर ठेवली तर चालते, पण सकाळी काढल्या काढल्या लाटायला घेऊ नका, गार गोळा कडकच लागणार, अर्धा तास बाहेर ठेवा, परत एक मिनिट तिंबा, मग बघा. रंग जरा करडा पडतो, तो कोंड्यातल्या एन्झाइममुळे, त्याने खायला काही बिघडत नाही, पण दुसऱ्या दिवसापलीकडे मी ठेवत नाही.

आता काय चुकतंय ते ओळखायचं कसं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण प्रत्येकीचं पीठ वेगळं, मी सांगितलेला आकडा तुमच्या पिठाला तंतोतंत लागेलच असं नाही. एक लाटी घ्या आणि पोळपाटावर लाटा. लाटणं उचलल्यावर चपाती परत आकसून लहान झाली तर पाणी ठीक आहे, वेळ कमी पडला, १५ मिनिटं आणखी झाका. आकसत नाही पण कडेला चिरा पडतात तर वेळ नाही, पाणी कमी आहे, आणि ह्याला नुसतं ठेवून उपयोग नाही, हात ओला करून परत तिंबा आणि १५-२० मिनिटं ठेवा. दोन्ही होतंय तर आधी पाणी, मग वेळ. आणि मुरल्यावरही पोळपाटाला चिकटत असेल तरच पाणी जास्त झालं समजा, मळतानाच्या चिकटण्यावरून ठरवू नका. तुम्ही लिहिलंय कडा फाटतात, म्हणून मी पाण्यावर बोट ठेवतेय.

गिरणीबद्दल पण एक विचारा. दळण आणल्या आणल्या डबा घट्ट बंद करत असाल तर करू नका. दगड जास्त आवळून बारीक दळलं की पीठ तापतं, हाताला चटका बसावा एवढं गरम पीठ पिशवीतून यायला नको, आणि आलंच तर परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर डब्यात घाम धरतो आणि गुठळ्या होतात. फार आवळून दळलेल्या पिठात स्टार्च जास्त फुटतो, म्हणजे तेच, पाणी जास्त मागणार. गिरणीवाल्या काकांना "जरा सैल सोडा" म्हणून सांगितलं की ते समजतात. आणि पीठ चाळून कोंडा काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर थोडा काढून बघा हवं तर, कणीक नक्की मऊ होईल, पण पुरेसं पाणी घातलं तर त्याची गरज पडत नाही, आणि घरच्या गव्हाचा कोंडा फेकायला मला तरी जीवावर येतं.

तुमच्या घरच्या गव्हात खपली असेल तर गोष्ट जरा बदलते. खपलीचं ग्लुटेन दुबळं, ताण थोडाच, त्यामुळे हिला ६-७ मिनिटं रगडून फायदा नाही, उलट सुटते. दोन-तीन मिनिटं मळा, कोमटच पाणी घ्या, ३० मिनिटं ठेवा, आणि चपाती जरा जाड लाटा. नुसत्या खपलीची घडीची चपाती जमत नसेल तर अर्धा लोकवन मिसळून दळा, हुग्गीसाठी थोडी खपली बाजूला ठेवा.

शेवटी डब्याचं. कणीक जमली तरी तवा मंद असेल तर दुपारी वातड होणारच, कारण चपाती मंद आचेवर जितका वेळ राहते तितकं पाणी उडतं. तवा इतका तापलेला हवा की पाण्याचा थेंब टाकला तर नाचून उडून जावा, आणि पहिली बाजू फोड दिसायला लागताच उलटावी, दोन्ही बाजू मिळून दीड मिनिटाच्या आत चपाती उतरली पाहिजे. लाटताना वरचं कोरडं पीठ झटकून टाका, ते तव्यावर करपतं आणि चपातीला रखरखीत करतं. उतरल्यावर लगेच डब्यात कोंडू नका, खाली वाफेचं पाणी सुटतं, सुती फडक्यात एकावर एक ठेवा, थोडी वाफ गेली की घडी करून डब्यात भरा. आणि उरलेल्या चपात्या फ्रीजमध्ये ठेवू नका, शिजलेला स्टार्च थंडीत लवकर परत घट्ट होतो, बाहेर झाकून ठेवलेली चपाती संध्याकाळी तव्यावर एकदा गरम केली की बरीच मऊ होते.

उद्या सकाळी करताना फक्त एवढंच बदलून बघा, पाणी कोमट, पीठ ५०० ग्रॅमला ३३० ने सुरुवात, कालवून १० मिनिटं झाकणं, आणि चिकटलं तरी कोरडं पीठ न घालणं. बाकी सगळं नेहमीसारखंच असू दे. मग कडा फाटतात का ते सांगा, आणि गहू लोकवन आहे की बन्सी ते गिरणीवाल्यांना विचारून कळवा, त्याप्रमाणे पाणी आणखी किती वाढवायचं ते सांगते.